‘हाच प्रोग्रॅम का?’ : एका प्रश्नाचं उत्तर लिहिताना

जानेवारीत परदेशातल्या मास्टर्सचा फॉर्म भरला, मार्चअखेर उत्तर आलं आणि तेव्हापासून कॉलेजातल्या आणि ऑफिसातल्या ज्युनियरांचे फोन सुरू आहेत. आयईएल्ट्स कुठे दिलीस, कर्ज कुठून काढतेस हे सगळे विचारतात, पण गाडी शेवटी एकाच ठिकाणी येते: "ताई, एसओपीत त्या ‘व्हाय धिस प्रोग्रॅम’ला काय लिहिलंस?" एसओपी म्हणजे अर्जासोबत द्यायचा निबंध. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी सिव्हिलची. पुण्यातल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत काम करते. सोसायट्यांचे रेनवॉटर हार्वेस्टिंगचे रिपोर्ट, बोअरच्या नोंदी, टँकरचा हिशेब, असलं काम. छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडलं की पावसाळ्यात पातळी झपाझप वर येते आणि दिवाळीनंतर तितक्याच वेगाने खाली जाते, हे प्रत्येक सोसायटीत दिसायचं. कमिटीतले काका विचारायचे, "मॅडम, गेलं कुठे पाणी?" त्यांना देण्यापुरतं उत्तर माझ्याकडे होतं: आपल्याखाली बेसॉल्ट आहे आणि पाणी धरणारा झिजलेला, भेगाळ थर पातळ आहे. भूजलाच्या सरकारी अंदाजात अशा खडकाची पाणी धरायची क्षमता साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे 40 मिलिमीटर पाणी मुरलं तर पातळी जवळजवळ दोन मीटर चढते, आणि थोडा उपसा झाला की तशीच कोसळते. पण कुठल्या विहिरीत किती वेगाने आणि का, हे सांगता येत नव्हतं. त्या एका ‘का’साठी मास्टर्स करायचं मनात होतं.

जून 2023 मध्ये, ॲप्लिकेशनचा विचारही पक्का नसताना, मी पुरंदर तालुक्यातल्या मामाला त्याच्या विहिरीचं पाणी दर रविवारी मोजायला सांगितलं. काठावर रंगाने खूण केली, मेजर टेपला वजन बांधून दिलं आणि आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा असं ठरलं. मामा म्हणाला, "विहीर काय बँकेचं पासबुक आहे का, दर आठवड्याला एंट्री मारायला?" पण एकही रविवार चुकवला नाही. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना मोजायला लावलं, पण आकडा लिहिला.

जुलै 2024 मध्ये नक्की केलं की यंदा अर्ज करायचा. ऑगस्टमध्ये आयईएल्ट्स दिली (सतरा हजारांच्या वर गेले), ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाकला आणि प्रोग्रॅम शोधायला बसले. ट्रान्सक्रिप्ट हातात यायला गणपती उलटून गेले, त्यामुळे तो अर्ज सगळ्यांत आधी टाका, एवढंच सांगते.

शॉर्टलिस्टमध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाचा पर्यावरण अभियांत्रिकीचा एमएससी होता. दोन वर्षं, 120 क्रेडिट. अर्जाची फी 100 युरो, परत मिळत नाही. क्रेडिट कार्डवरचा परकीय चलनाचा आकार धरून दहा हजारांच्या आसपास जातात. युरोपबाहेरच्यांसाठी मुदत 15 जानेवारी. मुख्य काम म्हणजे 1000 ते 1500 शब्दांचा निबंध, आणि त्याचे प्रश्न त्यांनी स्वतःच नेमून दिलेले: हा प्रोग्रॅम का, आमचंच विद्यापीठ का आणि इथे काय मिळेल अशी अपेक्षा आहे, कुठल्या शाखेत रस आहे, आणि मोकळीक दिली तर प्रबंधासाठी कुठला विषय घ्याल. शिवाय पदवीच्या प्रोजेक्टचा सारांश, 250 शब्दांत.

त्यातला काल्पनिक प्रबंधाचा प्रश्न मी आधी सोडून दिला होता, शेवटी बघू म्हणून. ऑफिसातले एक सीनियर तिकडूनच शिकून आलेत. ते म्हणाले, "तोच आधी लिही. तो जमला तर ‘आमचंच विद्यापीठ का’ याचं उत्तर आपोआप येतं. तो जमला नाही, तर बाकी सगळं ब्रोशर होतं." ऑफिसात आलेल्या एका मुलाचा मसुदा त्यांनी मला वाचायला दिला. त्यात ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक’, ‘अत्याधुनिक प्रयोगशाळा’ आणि सहा कोर्सची नावं स्वल्पविराम देऊन ओळीने लिहिली होती. त्यांनी पेन्सिलने विद्यापीठाचं नाव खोडून तिथे दुसऱ्याच देशातल्या विद्यापीठाचं लिहिलं. परिच्छेद तसाच्या तसा चालला. कोर्सच्या नावांचंही तेच: भूजलाचा कोर्स कुठल्या पाण्याच्या प्रोग्रॅममध्ये नसतो?

मग मी प्रोग्रॅमचं मुखपृष्ठ बंद केलं आणि `studyguide.tudelft.nl` उघडलं. प्रवेश न घेतलेल्यालाही ही अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचता येते. प्रत्येक कोर्सपुढे काय शिकवतात, कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं आणि परीक्षा कशी घेतात, ते दिलेलं असतं. मला ‘काय यायला हवं’ ही ओळ सगळ्यांत उपयोगी वाटली, कारण नावावरून गणिती वाटणारा कोर्स प्रत्यक्षात धोरणाचा निघतो, आणि उलटही होतं.

त्यात एक मॉड्यूल होतं, त्याला ते म्यूड म्हणतात: अभियंत्यांसाठी मॉडेलिंग, अनिश्चितता आणि डेटा. सिव्हिल, पर्यावरण आणि भूविज्ञान, तिन्ही एमएससींना सक्तीचं. वजन 12 क्रेडिट, म्हणजे एकूण पदवीचा दहावा भाग. त्याचं पाठ्यपुस्तक नेटवर खुलं आहे. मी ते चाळलं नाही, दोन प्रकरणं वही घेऊन वाचली: मोजमापांतून मॉडेलचे आकडे कसे काढायचे आणि त्यांवर किती भरवसा ठेवायचा, हे सांगणारं एक, आणि काळानुसार घेतलेल्या नोंदींचं विश्लेषण हे दुसरं. मामाच्या कालनिर्णयात नेमकं हेच तर पडलं होतं.

प्राध्यापकांकडे मी याच वाटेने गेले. आधी नावांची यादी काढून मग प्रत्येकात रस दाखवायचा, हे जमण्यातलं नव्हतं. विहिरीच्या पातळीच्या नोंदी आणि पाऊस यांची सांगड घालणारं एखादं साधन आहे का, हे शोधत होते. तिथे पास्टास सापडलं. पायथनमधलं खुलं पॅकेज आहे. पाऊस आणि बाष्पीभवनाच्या नोंदी द्यायच्या, पातळीच्या नोंदी द्यायच्या, की एका पावसाचा परिणाम विहिरीवर किती आणि किती काळ राहतो याची वक्ररेषा ते बसवून देतं. त्यावरचा लेख ‘ग्राउंडवॉटर’ या नियतकालिकात 2019 मध्ये आला. लेखकांत डेल्फ्टचे मार्क बाकर आहेत. मॉडफ्लो हे भूजलाचं प्रसिद्ध मॉडेल पायथनमधून चालवणाऱ्या फ्लोपायवरच्या 2016 च्या लेखातही पहिलं नाव त्यांचंच.

इथे एक गोष्ट तपासायची असते. पास्टासच्या लेखाचे पहिले लेखक तेव्हा ऑस्ट्रियातल्या ग्रात्स विद्यापीठात होते, डेल्फ्टला नाही. म्हणून ‘डेल्फ्टने बनवलेलं’ असं लिहिणं चुकीचं ठरलं असतं. लेखावर नावाखाली संस्था छापलेली असते, ती बघायची. मग तो माणूस आज कुठे आहे, हे त्याच्या विद्यापीठाच्या पानावर बघायचं. लेख पाच-सहा वर्षांपूर्वीचा असला तर माणूस दुसऱ्या देशात गेलेला असू शकतो. निवड समितीतल्या लोकांना आपले सहकारी कोण हे ठाऊक असतं. तुम्हाला ते ठाऊक नसलं तर एका ओळीत उघडं पडतं.

नवरात्रात ते पॅकेज लॅपटॉपवर चढवलं. पाऊस कुठला घ्यायचा हा पहिला घोळ. हवामान खात्याचा दैनिक पाऊस चौकोनांत मिळतो, एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे अंदाजे 27 किलोमीटर लांबीचा. पुणे जिल्ह्यात तेवढ्या अंतरात घाटाचा पाऊस संपून सासवडचा कोरडेपणा सुरू होतो. तो सरासरी आकडा मामाच्या शेतावरचा नव्हेच. शेवटी कृषी विभागाच्या संकेतस्थळावरून महसूल मंडळाचा रोजचा पाऊस उतरवून घेतला. बाष्पीभवन तापमानावरून अंदाजाने काढलं.

2023 चा पावसाळा वाईट गेला होता. त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा. 2024 मात्र उत्तम. म्हणून मी मॉडेल पहिल्या वर्षाच्या नोंदींवर बसवलं आणि त्याला दुसऱ्या वर्षाचा पाऊस दिला. पडद्यावर आलेली रेषा ऑगस्ट 2024 मध्ये विहिरीच्या काठाच्या वर दोन-अडीच मीटर गेली. कालनिर्णयातल्या आकड्यांत पाणी काठाखाली सुमारे एक मीटरवर येऊन कितीतरी रविवार तिथेच थांबलं होतं.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, त्याच्या वर चढतच नाही कधी. तिथे ओढ्याकडे झरा फुटतो." हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं. त्याने सांगितल्यावर लेखातलं गृहीतक समजलं: मी वापरलेल्या साध्या रूपात मॉडेल रेषीय असतं, म्हणजे दुप्पट पाणी मुरलं तर पातळीची चढही दुप्पट. नेदरलँड्सच्या जाड वाळूत हे बऱ्यापैकी चालतं. आपल्याकडचा पातळ थर भरला की सांडतो. शिवाय नोव्हेंबरपासून रब्बीच्या कांद्याला उपसा सुरू होतो, आणि त्याची कुठेच नोंद नसते. मॉडेलला उपशाचे आकडे देता येतात, पण आपल्याकडे ते आहेत कुठे? शेतीच्या फीडरला ठरलेले तासच वीज असते, त्यावरून अंदाज बांधता येईल का, हा पुढचा प्रश्न.

आणखी एक प्रयोग केला. सरकारी निरीक्षण विहिरींची पातळी आपल्याकडे वर्षातून चारदा मोजतात. मी मामाच्या नोंदींतून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर एवढेच आकडे ठेवले, बाकीचे काढून टाकले आणि मॉडेल पुन्हा चालवलं. ऑगस्टचं ते भरून थांबणं आकड्यांत उरलंच नाही, आणि सुरुवातीचे अंदाज थोडे बदलले की उत्तर भलतंच यायचं. रेषा मात्र चारही बिंदूंतून छान जात होती. नुसती रेषा बघून समाधान मानलं असतं, तर कळलंच नसतं.

इथे माझा काल्पनिक प्रबंध मिळाला: उथळ बेसॉल्टमधल्या विहिरींसाठी ‘भरला की सांडतो’ हे वागणं आणि न मोजलेला उपसा मॉडेलमध्ये कसा आणायचा, आणि वर्षातून चारच नोंदी असतील तर निष्कर्ष कुठपर्यंत विश्वासार्ह. पास्टासमध्ये अरेषीय रूपंही आहेत. ती मी तेव्हा वापरली नव्हती आणि निबंधात तसं म्हटलंही.

नोव्हेंबरात लिहायला बसले. ‘हाच प्रोग्रॅम का’चा परिच्छेद अखेर असा झाला, मराठीत गोषवारा देते: एका खोदविहिरीच्या दर आठवड्याच्या नोंदींवर मी पास्टास चालवून पाहिलं, कोरड्या वर्षावर बसवलेलं मॉडेल ओल्या वर्षात काठाच्या वर जातं, कारण बहुधा उथळ थराचं सांडणं, माझ्या नोंदी दीडच वर्षाच्या, त्यामुळे याहून ठाम काही म्हणत नाही. म्यूडमधला मोजमापांच्या अनिश्चिततेचा भाग मला हवा, कारण चार नोंदींचा प्रयोग मी अंदाजाने केला, त्याची परीक्षा कशी घ्यायची ते मला येत नाही. भूजलाच्या कोर्सची मला गरज आहे, कारण भेगाळ खडकातला प्रवाह मी पदवीला एका प्रकरणापुरताच शिकले. आणि भूजलाच्या नोंदींवर काम करणारा गट तिथे असल्याने या प्रश्नाला मार्गदर्शन मिळण्याची शक्यता आहे.

त्यात कोर्सची नावं दोन आणि प्राध्यापकाचं नाव एक. सीनियरांनी एवढ्यावर थांबवलं. माझ्या मसुद्यात रिमोट सेन्सिंगचाही एक कोर्स होता. त्यांनी विचारलं, "या विहिरीशी त्याचा काय संबंध?" संबंध होता, पण ओढूनताणून. काढला. ‘प्राध्यापक अमुक यांच्याच हाताखाली काम करायचं आहे’ हे वाक्यही त्यांनी बदलायला लावलं. माणूस रजेवर जातो, निवृत्त होतो, त्या वर्षी विद्यार्थी घेत नाही. त्यापेक्षा कामाचं नाव घ्यावं आणि त्या कामाचा गट म्हणावा.

प्राध्यापकांना आधी मेल करायची का, हा ज्युनियरांचा हमखास प्रश्न. मी केली नाही. तिथे अशा कोर्सवर्कच्या एमएससीला प्रवेश समिती देते, एकटा प्राध्यापक नाही. अमेरिकेत संशोधनाच्या मास्टर्सला प्राध्यापकाच्या निधीतून पैसे मिळणार असतील तर गोष्ट वेगळी, तिथे मेल करायलाच हवी. ती करताना सीव्हीपेक्षा ‘तुमच्या लेखातलं अमुक गृहीतक माझ्या नोंदींत असं मोडतं’ ही दोन वाक्यं पुढे ठेवा.

दुसरा अर्ज वाखेनिंगेनला केला, आंतरराष्ट्रीय जमीन आणि पाणी व्यवस्थापनाच्या एमएससीला. तोच परिच्छेद नाव बदलून पाठवायचा मोह डिसेंबरात फार झाला, कारण ऑफिसात वर्षअखेरीची धावपळ होती. पण तो प्रोग्रॅम सिंचनाकडे तंत्र आणि समाज दोन्ही बाजूंनी बघतो. तिथे अनिश्चिततेचं गणित पुढे करून उपयोग नव्हता. विहीर तीच ठेवली, प्रश्न वेगळा घेतला: फीडरच्या तासांवर उपसा ठरत असेल तर शेजारच्या दोन विहिरींत आधी पाणी कोणाचं आटतं, आणि कांदा कोण लावू शकतं? मामा आणि त्याचा शेजारी यांच्यातली जुनी कुरबुर त्यात कामी आली, अर्थात नावं न घेता. तो निबंध लिहायला वेळ कमी लागला, कारण कच्चा माल तयार होता. पण कोर्सची पानं मात्र पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली.

8 जानेवारीला डेल्फ्टचा फॉर्म सबमिट केला. शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर गर्दी असते आणि कार्डचं पेमेंट अडकतं असं ऐकलं होतं. माझं एकदा अडकलंच, बँकेत फोन करून परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावा लागला. ते काम डिसेंबरातच उरकून ठेवा. मग वाट बघणं. फेब्रुवारीत रोज सकाळी उठल्या उठल्या मेल बघायची इतकी सवय लागली की आई म्हणाली, "आधी दात तरी घास." मार्चच्या शेवटी उत्तर आलं, होकाराचं. त्यात निबंधाबद्दल एक शब्द नव्हता, त्यामुळे कुठल्या वाक्याने काम केलं हे मला सांगता येणार नाही. माझे मार्क पुरेसे होते, त्यांचाही वाटा असणारच. वाखेनिंगेनचाही होकार आला. दोन्हींतून निवडताना मी पुन्हा काल्पनिक प्रबंधच वाचला आणि डेल्फ्ट घेतलं.

निबंध पाठवा म्हणून निरोप येतायत. पाठवणार नाही, कारण माझी विहीर तुमच्या उपयोगाची नाही. वाचनाची वही मात्र हवी त्याने ऑफिसात येऊन बघावी. तिच्यात प्रत्येक लेखापुढे तीनच गोष्टी लिहिल्या आहेत: लेखकांनी काय गृहीत धरलं, स्वतः कुठली मर्यादा सांगितली, आणि माझ्याकडच्या कुठल्या नोंदीवर ते तपासता येईल. तिसरा रकाना बहुतेक लेखांपुढे कोरा आहे. ते लेख निबंधात घेतले नाहीत.